वकील अचानक आजारी पडले तर: मुदतीचा अर्ज, सकाळच्या फोनपासून रोजनाम्यापर्यंत

सकाळी साडेसातला सिनियरचा फोन येतो. आवाज खोल गेलेला. "पहाटे ॲडमिट केलंय मला. आज जमणार नाही, तू तारीख घे." अकराला कोर्ट बसतं, म्हणजे ज्युनियरच्या हातात जेमतेम साडेतीन तास.

"तारीख घे" हे शब्द तालुका कोर्टात इतके सहज बोलले जातात की त्यामागे कायद्याची अट आहे हे विसरायला होतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश १७ नियम १ हा तहकुबीचा नियम. त्यातल्या पोटनियम (२) च्या परंतुकात वकिलाच्या आजारपणासाठी वेगळा खंड आहे. बोलण्यात सगळे त्याला 'क्लॉज डी' म्हणतात. वकील आजारी आहे या कारणावर मुदत मागितली, तर पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणं शक्य नव्हतं अशी खात्री झाल्याशिवाय कोर्टाने मुदत देऊ नये, असं तो सांगतो. म्हणजे आजार सिद्ध करून काम अर्धंच होतं. "वकील तापाने फणफणले आहेत, सबब मुदत मिळावी" एवढ्याच अर्जात कायद्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. न्यायाधीशांना ताप खरा वाटतो, सहानुभूतीही असते, आणि तरीही अर्ज नामंजूर होऊ शकतो.

पुढचं सगळं नीट दिसावं म्हणून एक प्रकरण धरू. वहिवाटीच्या रस्त्यावरून मनाई हुकुमाचा नियमित दिवाणी दावा, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यासमोर. आपण प्रतिवादीकडून. वादीचा दुसरा साक्षीदार म्हणजे मोजणी करून नकाशा तयार केलेला निवृत्त भूकरमापक. त्याचं सरतपासाचं शपथपत्र मागच्या तारखेला दाखल झालं, आज त्याचा उलटतपास. आपल्या सिनियरना रात्री अडीचला मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या, पहाटे पाचला दवाखान्यात दाखल केलं, वेदनाशामक इंजेक्शन दिलंय. त्यामुळे ते गुंगीत आहेत. वकीलपत्रावर दोन नावं: सिनियर आणि सनद मिळून आठ महिने झालेला ज्युनियर. रोजनामा पाहिला तर प्रतिवादीने याआधी दोन वेळा मुदत घेतलेली आहे.

यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात अडचणीची आहेत, पण अर्ज लिहिणारा नेमका तीच टाळतो.

आधी फोन. पहिला पक्षकाराला, कारण क्लॉज डी पक्षकाराबद्दल बोलतो. त्याला कधी कळलं आणि कळल्यावर त्याने काय केलं, हे अर्जात लिहायचं आहे. लिहायचं तर ते खरोखर घडलेलं पाहिजे. म्हणून त्याला सांगायचं की कोर्टात हजर राहा, आणि दुसरे कोणी वकील आज उभे राहतील का ते विचारा. आपणही ओळखीच्या एकदोघांना विचारायचं. बहुतेक जण नाही म्हणतील, कारण चार नकाशे आणि दोन मोजण्यांची फाईल तासाभरात वाचून कोणी भूकरमापकाचा उलटतपास घेत नाही. तो नकार आपल्या उपयोगाचा आहे. मात्र आधी विचारलेलं असावं लागतं.

दुसरा फोन समोरच्या वकिलांना. हा फोन बरेच जण करत नाहीत. कोर्टात भेटतीलच, तेव्हा सांगू, असा हिशेब असतो. पण साक्षीदार परगावाहून येणार असतो. आठच्या आत कळवलं तर तो कदाचित निघालेला नसेल, आणि निघालेला नसेल तर खर्चाचा मुद्दा निम्मा हलका होतो. आपल्या प्रकरणात तो सहालाच एसटीत बसला होता, त्यामुळे थांबवता आला नाही. तरी फोनवर बोलल्यावर एक छोटा मेसेजही टाकून ठेवायचा. पुढे खर्चावर वाद झाला तर ७.५० ला कळवल्याची ती नोंद हाताशी राहते.

तिसरं काम दाखल्याचं. दवाखान्यात कोणीतरी नातेवाईक असतात, त्यांना नेमकं काय हवंय ते सांगावं लागतं. नाहीतर औषधांच्या चिठ्ठीचा फोटो येतो. हवा असतो तो डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा दाखला: रुग्णाचं नाव, दाखल केल्याची तारीख आणि वेळ, आजार, किती दिवस विश्रांती लागेल, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. वेळ विसरू नका. नुसती तारीख असलेल्या दाखल्यावरून रुग्ण पहाटे पाचला आला की दुपारी चारला हे कळत नाही, आणि 'अचानक' हा शब्द त्या वेळेवरच उभा आहे. आजाराचा तपशील किती द्यायचा हाही विचार करण्यासारखा भाग. अर्ज आणि दाखला कायम रेकॉर्डला राहतात, त्यांच्या नकला निघू शकतात. मुतखडा लिहायला कोणाला संकोच वाटत नाही. पण आजार खाजगी स्वरूपाचा असेल तर अर्जात तो उघड करण्याऐवजी त्याचा परिणाम लिहावा, "उभे राहून बोलण्याच्या व साक्षीदार तपासण्याच्या स्थितीत नाहीत" असा, आणि दाखला बंद पाकिटात न्यायाधीशांना पाहू द्यावा.

दाखला साडेदहापर्यंत हाती येईलच असं नाही. आला नाही तर अर्जात तसं लिहून पुढच्या तारखेला किंवा त्याआधी हजर करण्याची हमी द्यायची. अर्ज त्यामुळे सहसा पडत नाही. दोन दिवसांनी मागची तारीख टाकून मिळवलेला दाखला मात्र घातक ठरतो. दवाखान्याच्या नोंदवहीशी तो जुळत नाही आणि प्रकरण तहकुबीचं न राहता खोट्या कागदाचं होतं.

आता अर्ज कोणाच्या नावे? विषय कार्यालयाला कळवण्याचा आहे असं वाटून काही जण लेटरहेडवर अधीक्षकांना पत्र लिहितात: आज आजारी असल्याने प्रकरण पुढे ठेवावे ही विनंती. ते पत्र आवक विभागात जातं, त्याला आवक क्रमांक पडतो, आणि तिकडे वरच्या मजल्यावर त्याच वेळी प्रकरणाचा पुकारा होतो. न्यायाधीशांपुढे फाईल असते, पत्र नसतं. कार्यालयाला तारीख बदलण्याचा अधिकारच नाही. आदेश १७ प्रमाणे कारण नोंदवून मुदत द्यायची ती कोर्टाने. कार्यालय करू शकतं ते एवढंच: कागद वेळेत फाईलला लावणं. म्हणून अर्ज नेहमी कोर्टाच्या नावाने, प्रकरणाच्या शीर्षकासह. कार्यालयाला पत्र लिहायचंच तर ते वेगळं, आणि फक्त कागद पुढे ठेवण्यापुरतं. त्याची गरज पडते ती एकट्याने वकिली करणाऱ्यांना. त्याकडे नंतर येतो.

आपल्या प्रकरणातला अर्ज साधारण असा होईल:

"मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, …… यांचे न्यायालयात.
नियमित दिवाणी दावा क्र. …… / ……
वादी …… विरुद्ध प्रतिवादी ……
आजची नेमणूक: वादीचे साक्षीदार क्र. २ यांचा उलटतपास.

प्रतिवादीतर्फे आदेश १७ नियम १ दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे मुदतीचा अर्ज:

१. प्रतिवादीचे वकील श्री. …… यांना आज पहाटे मुतखड्याच्या तीव्र वेदनांमुळे ५.०० वाजता रुग्णालयात दाखल करावे लागले. ते सध्या उपचाराखाली असून न्यायालयात हजर राहण्याच्या स्थितीत नाहीत. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी पाच दिवस विश्रांती सांगितली आहे.

२. ही बाब प्रतिवादीस आज सकाळी ७.३५ वाजता समजली. त्यानंतर प्रतिवादीने दोन वकिलांकडे विचारणा केली. परंतु साक्षीदार तांत्रिक स्वरूपाचा असून मोजणी नकाशांचा अभ्यास करून आजच उलटतपास घेणे त्यांना शक्य झाले नाही.

३. वकीलपत्रावरील दुसरे वकील श्री. …… आज हजर आहेत. त्यांची सनद आठ महिन्यांपूर्वीची असून त्यांनी या दाव्यात आजपर्यंत कोणत्याही साक्षीदाराचा तपास घेतलेला नाही. साक्षीदार क्र. १ यांचा उलटतपास श्री. …… यांनीच घेतला आहे.

४. प्रतिवादीने यापूर्वी दोन वेळा मुदत घेतली आहे. आजचे कारण प्रतिवादीच्या नियंत्रणाबाहेरचे आहे.

५. वादीच्या वकिलांना सकाळी ७.५० वाजता फोनवर कळविले आहे. साक्षीदार हजर असल्याने त्यांचा आजचा प्रवास व भत्ता देण्यास प्रतिवादी तयार आहे.

सबब, उलटतपासासाठी पाच दिवसांनंतरची, न्यायालयास सोयीची जवळची तारीख मिळावी, ही विनंती."

खाली तारीख, प्रतिवादीची सही आणि हजर वकिलांची सही.

परिच्छेद दोन आणि तीन हा या अर्जाचा कणा आहे. वकीलपत्रावर एकापेक्षा जास्त नावं असतात तेव्हा न्यायाधीशांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे वकील आहेत ना, ते घेतील क्रॉस." पक्षकाराला दुसरा वकील नेमता आला नाही असं आपण म्हणतो आणि नेमलेला दुसरा वकील समोर उभा असतो. कित्येक कार्यालयांत छापील वकीलपत्रावर सगळ्या ज्युनियर्सची नावं सवयीने टाकली जातात, त्याचा हा तोटा अशा दिवशीच कळतो. त्याचं नाव गाळून चालत नाही, कारण वकीलपत्र फाईललाच आहे. मग तो उलटतपास का घेऊ शकत नाही याचं खरं कारण आपणच आधी लिहावं. "ज्युनियर आहे" हे पुरेसं नाही. मागच्या साक्षीदाराचा उलटतपास कोणी घेतला हे निशाणीवरून दिसतं, तेच लिहावं. आणि ज्युनियर खरोखर तयार असेल, साक्षीदार औपचारिक असेल, नुसता कागद शाबीत करायला आलेला पोस्टमन किंवा कारकून असेल, तर मुदत मागूच नये. अशा साक्षीदारासाठी तिसरी मुदत जाळणं महागात पडतं.

तिसरी मुदत म्हणजे काय, तेही सांगतो. आदेश १७ नियम १ च्या परंतुकाप्रमाणे दाव्याच्या सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देता येत नाही. २००२ पासून ही मर्यादा लागू आहे. सालेम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती थोडी सैल करून वाचली: पक्षकाराच्या हातात नसलेल्या कारणांनी, उदाहरणार्थ अचानक रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर, तीन मुदती झाल्या म्हणून कोर्टाचे हात पूर्ण बांधले जात नाहीत. पण हा आधार चौथ्या वेळेसाठी राखून ठेवावा. आज आपली तिसरी आहे हे प्रामाणिकपणे लिहिलं की बेंच क्लार्कने रोजनामा उलटून न्यायाधीशांना सांगण्याची वेळ येत नाही. "पहिलीच वेळ आहे, साहेब" असं ओघात बोलून गेलेला वकील रोजनाम्यापुढे उघडा पडतो, आणि मग खऱ्या आजारावरही संशय येतो.

सही हा आणखी एक खड्डा. सिनियर गुंगीत आहेत आणि अर्जावर त्यांची सही झोकात उमटलेली आहे, असं दिसलं की समोरचा वकील काहीही न बोलता फक्त बोट ठेवतो. जो हजर आहे त्याने स्वतःच्या नावाने सही करावी. वकीलपत्रावर नाव नसलेला एखादा स्नेही वकील मदतीला आला असेल तर तो सिनियरकरिता उभा राहून बोलू शकतो. आदेश ३ नियम ४ मध्ये नेमलेल्या वकिलाने युक्तिवादापुरत्या उभ्या केलेल्या वकिलाला हजेरीचं वेगळं ज्ञापन लागत नाही अशी तरतूद आहे. पण ती बोलण्यापुरती. अर्जावर पक्षकाराचीच सही घ्यावी, म्हणजे कोणी काय अधिकाराने सही केली हा वाद उरत नाही. म्हणूनही पक्षकाराला कोर्टात बोलावलेलं असतं.

साडेदहाला कोर्टात. अर्जाच्या तीन प्रती: मूळ, समोरच्यांसाठी एक, आपल्या फाईलला एक. मूळ अर्जाला लागू असलेला कोर्ट फी स्टँप. पहाटे ई-फायलिंग केलं असलं तरी छापील प्रत बरोबर ठेवावी. पोर्टलवर चढवलेला कागद तपासून फाईलला येईपर्यंत बोर्ड अर्धा संपलेला असतो. अर्ज आधी समोरच्या वकिलांना दाखवायचा आणि त्यावर त्यांचा 'से' घ्यायचा. ते बहुधा तीनपैकी काहीतरी लिहितात: "हरकत नाही", "योग्य तो हुकूम व्हावा", किंवा "हरकत आहे. साक्षीदार हजर आहे. नामंजूर व्हावा, अन्यथा खर्च मिळावा". पहिला शेरा मिळाला म्हणजे काम झालं असं नव्हे. दोन्ही वकील राजी असले तरी कोर्ट बांधील नाही. तिसरा शेरा आला तर वाद घालत बसू नये. साक्षीदार खरंच आलेला आहे, त्यांना तो लिहिणं भागच आहे.

मग अर्ज बेंच क्लार्ककडे. बोर्डावर प्रकरण सतराव्या क्रमांकावर असलं तरी अर्ज पुकाऱ्याच्या वेळी हातात धरून उभं राहू नये. कोर्ट बसण्याआधी तो फाईलला लागला पाहिजे, म्हणजे न्यायाधीश पुकारा होण्याआधी वाचतात. अर्ज देताना प्रकरणाचा क्रमांक आणि आजची नेमणूक क्लार्कने फाईलशी ताडून पाहिली ना, हे बघा. जुन्या अर्जाची फाईल उघडून नाव बदलताना दावा क्रमांक तसाच राहणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिच्यामुळे अर्ज भलत्याच फाईलला लागतो.

पुकारा होतो. इथे उत्तरं छोटी द्यावीत. न्यायाधीश विचारतात, कधी कळलं? साडेसातला. साक्षीदार कुठून आलाय? अमुक गावाहून, सहाला निघाला, आम्ही ७.५० ला कळवलं. तुम्ही क्रॉस घ्याल? नाही, कारण परिच्छेद तीनमध्ये. खर्च? देतो. अनेकदा न्यायाधीश "पासओव्हर" म्हणतात आणि दुपारच्या सत्रात प्रकरण पुन्हा घेतात. तोपर्यंत दाखला आला असेल तर तेव्हा हजर करायचा. पासओव्हर झाल्यावर चहाला लांब जाऊ नये. दुसऱ्या पुकाऱ्याला कोणीच नसेल तर अर्ज फाईलला असूनही तो चालवायला कोणी नाही असा अर्थ निघतो.

आदेश अर्जावरच लिहिला जातो. आपल्या प्रकरणात तो असा: दाखला पाहिला, कारण पुरेसे, ज्येष्ठ वकिलांनीच आधीच्या साक्षीदाराचा उलटतपास घेतला आहे, वेळेत दुसरे वकील नेमणे शक्य नव्हते. रु. १,५०० खर्च वादीस देण्याच्या अटीवर अर्ज मंजूर, शेवटची संधी. पुढची तारीख नऊ दिवसांनी. यातलं "वेळेत दुसरे वकील नेमणे शक्य नव्हते" हे वाक्य परिच्छेद दोनमधून आलेलं आहे. आपण लिहिलं नसतं तर न्यायाधीशांना ते लिहिता आलं नसतं.

अर्ज नामंजूर झाला तर? साक्षीदार हजर आहे आणि वकील उलटतपासाला तयार नाही, तेव्हा उलटतपासाशिवाय साक्ष पूर्ण झाली असं धरण्याचा अधिकार त्याच परंतुकातला पुढचा खंड कोर्टाला देतो. त्याला 'नो क्रॉस' म्हणतात. अशा वेळी ज्युनियरने गप्प बसून फाईल मिटू नये. दोन गोष्टी करता येतात. घेता येईल तेवढा उलटतपास सुरू करून, मूळ नकाशाच्या मुद्द्यांसाठी उरलेला तपास राखून ठेवण्याची विनंती करायची. ती मान्य झाली तर साक्षीदार पेटीत राहतो, आणि 'अर्धवट' हे 'नो क्रॉस'पेक्षा कितीतरी बरं. तेही झालं नाही तर त्याच आठवड्यात, दाखला आणि शपथपत्र लावून, नो क्रॉसचा आदेश रद्द करून साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज द्यायचा. आदेश १८ नियम १७ आणि कलम १५१ खाली. उशीर केला, दोन तारखा जाऊ दिल्या, की मग आजारपणाचं कारणच शिळं होतं. साक्षीदाराचा नवा खर्च आपल्यालाच द्यावा लागेल हे धरूनच तो अर्ज लिहावा.

एकटे वकिली करणारे. ज्युनियर नाही, पक्षकार परगावी, आणि आपण पलंगावर. कार्यालयाला पत्र लिहायची वेळ खरी ही. कोर्टाच्या अधिकृत ई-मेलवर, कोर्ट बसण्याच्या बऱ्याच आधी, पत्र जायला हवं. ते पत्र अधीक्षकांच्या नावे आणि दोनच ओळींचं असावं: "सोबतचा अर्ज आजच्या बोर्डावरील नियमित दिवाणी दावा क्र. …… मध्ये मा. न्यायाधीशांसमोर पुकाऱ्यापूर्वी ठेवावा ही विनंती. वादीच्या वकिलांना प्रत पाठविली आहे." विषयाच्या ओळीत दावा क्रमांक, १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक आणि आजची तारीख, म्हणजे कार्यालयाला फाईल शोधावी लागत नाही. अर्ज वेगळा, वरच्यासारखाच, कोर्टाच्या नावे. एवढ्यावर थांबू नये. ई-मेल उघडला गेला का हे कळायला मार्ग नसतो, म्हणून बार रूममधल्या एखाद्या सहकाऱ्याला फोन करून छापील प्रत द्यायला आणि पुकाऱ्याला उभं राहायला सांगावं. न्यायाधीशांना वैयक्तिक फोन किंवा मेसेज कधीही करू नये, ओळख असली तरी.

पुकाऱ्याला एका बाजूचं कोणीच नसलं तर काय होतं हेही लक्षात असू द्या. वादीकडून कोणीच हजर नाही, कागदही पुढे आला नाही, तर आदेश १७ नियम २ मधून आदेश ९ ची दारं उघडतात: दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादीच्या बाबतीत एकतर्फी चालू शकतो. ते परत उघडता येतं, पण त्यासाठी महिने जातात.

एकाच दिवशी चार कोर्टांत पाच प्रकरणं असतील तर पाच वेगळे अर्ज. एका अर्जात यादी देऊन चालत नाही, प्रत्येक फाईल स्वतंत्र आहे. दाखल्याची मूळ प्रत सर्वात महत्त्वाच्या प्रकरणात, बाकीच्यांत झेरॉक्स, आणि मूळ कुठे आहे त्याचा उल्लेख. सकाळी मुतखड्यासाठी मुदत आणि दुपारी शेजारच्या कोर्टात जामिनावर युक्तिवाद असं झालं तर लपत नाही. वकिलांच्या हजेरीची नोंद रोजनाम्यात असते, आदेश ऑनलाइन दिसतात, आणि समोरचे वकीलही त्याच बार रूममध्ये बसतात. दुपारी खरंच बरं वाटलं तर सरळ जाऊन सांगावं, आज उरलेल्या वेळात उलटतपास घेतो. ती वेळ क्वचित येते, पण आली तर साक्षीदारही मोकळा होतो.

राहिला खर्च. रु. १,५०० ही रक्कम दंडासारखी वाटते म्हणून पक्षकार ती द्यायला टाळाटाळ करतो, "बघू पुढच्या वेळी". कलम ३५ब प्रमाणे असा खर्च पुढच्या तारखेला देणं ही बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट असते. रक्कम दिली नाही तर सिनियर बरे होऊन, तयारी करून, नकाशे घेऊन उभे राहतात आणि समोरचे वकील म्हणतात, आधी खर्च. तेव्हा पाकीट शोधत पळण्यात अर्थ नसतो. म्हणून मुदत मिळाल्या दिवशीच पक्षकाराकडून पैसे घेऊन ठेवावेत. नव्या तारखेला पुकाऱ्याआधी ते वादीच्या वकिलांना द्यावेत, पावती घ्यावी आणि खर्च अदा केल्याची पर्सिस दाखल करावी. त्यांनी घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी कोर्टात जमा करण्याची परवानगी मागावी. पर्सिसला निशाणी पडली, रोजनाम्यात "खर्च दिला" अशी नोंद झाली, की मग साक्षीदाराला पेटीत बोलवायला हरकत नाही.